वीस फूट-टनाची उडी

नकला करणाऱ्या माणसानं लिहिलेलं म्हटलं की वाचणारा आधीच हसायच्या तयारीत बसते. बसा. सुरुवातीले दोन-चार जागी हसूही येईन तुमाले. काळीज फाटल्याची गोष्ट हाये म्हटलं तं तुमी पोरगी शोधान. पोरगी नाही. जे हाये ते एक बीम हाये, वीस फुटाचा, दोन टेकूवर ठेवलेला, अन् तोही कागदावर. त्या बीमनं माहा एक सोबती नेला. नेला काहून म्हणू, म्या देऊन टाकला.

मी मारेगावचा. शाळेत असतानाच गावातल्या समद्या माणसायचे आवाज माह्या गळ्यात उतरले होते. तपासणीले आलेले इन्स्पेक्टर, एसटीचा कंडक्टर, कापसाच्या जिनातला तोलाईवाला, मंदिराचा भटजी अन् त्याची बायको, दोघंही. मॅट्रिक कसाबसा झालो अन् बापानं यवतमाळले पॉलिटेक्निकमंधी टाकलं. ओव्हरसीअर होईन पोट्टा, जीपमंधी बसून रस्ते पाहीन, असं त्याचं म्हणणं. तिथं माह्या खोलीत जो दुसरा पोट्टा आला, तो पुसदकडच्या तांड्यावरचा होता. उंच, सावळा, बोलायले कमी. पेटीत दोन सदरे, एक धोतर अन् भूमितीची कंपासपेटी. ती पेटी तो रोज फडक्यानं पुसे. मी म्हणो, "काय रे, सोन्याचा डबा हाये का?" तो म्हणे, "माह्यासाठी हायेच."

त्याच्या घरचा नियम त्यानं पहिल्याच आठवड्यात मले सांगितला. घरी तो अन् एक लहान भाऊ. वावरात एक हात लागतेच, म्हणून दोघायपैकी एकच शिकन, एक घरी राहीन. आधी मोठ्याची पाळी. पण तो कोणत्याही वर्षी नापास झाला, तं त्यानं घरी यायचं अन् लहान्यानं पुसदच्या शाळेत जायचं. बापानं हे चिडून ठरवलं नव्हतं. देवासमोर बसून, दोघाही पोरायले विचारून ठरवलं होतं. म्या म्हटलं, "लेका, मंग तुले तं नापास होताच येत नाही." तो म्हणाला, "मले व्हायचंच नाही."

आमाले जे सर बीमचा विषय शिकवत, ते पार तिकडचे, पुण्याकडचे. बोलणं शुद्ध, अन् नाकातून. खडू फळ्यावर दोनदा ठोकत, गळा साफ करत अन् म्हणत, "पाहा, ओव्हरसीअर साहेब." सगळ्यायलेच ओव्हरसीअर साहेब म्हणत. नापास होणाऱ्यायलेही. बीमवर लोड आला की आतमंधी कुठं कातरण्याचा जोर पडते अन् कुठं वाकवण्याचा, हे दाखवायच्या दोन आकृत्या. एक शिअर फोर्सची, एक बेंडिंग मोमेंटची. सर त्या चालून दाखवत. खरंच चालत. वर्गाच्या डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत.

"डावीकडून निघा. टेकूनं वर ढकललं, रेघ वर. लोड आला, रेघ खाली. मध्ये काही नाही, रेघ सरळ. आणि उजव्या टेकूपाशी काय? शून्य! रेघ घरी आली पाहिजे. रेघ घरी आली नाही तर झोपू नका, साहेब."

मी पहिल्या आठवड्यातच सर उचलले. नाक, खडू, खाकरणं, चालणं, समदं. अन् मंग एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. संध्याकाळी जेवण झालं की पोट्टे आमच्या खोलीत जमत अन् मी सकाळचा तास पुन्हा घेत जाओ. भिंतीवर खडू नव्हता, तं कोळसा. सुरुवातीले ते हसायसाठीच येत. पण गंमत अशी झाली की वर्गात न समजलेलं आमच्या खोलीत समजू लागलं. मी नकल करतो तं शब्दच्या शब्द करतो, मले अर्थ समजो का नोको समजो. पोट्टे त्याच्यावरून वह्या लिहू लागले. माह्या सोबत्याले तं वर्गापेक्षा माहाच तास बरा वाटे. सर वर्गात थांबत नसत. मी थांबो. तो "पुन्हा" म्हणे, अन् मी पुन्हा चालून दाखवो.

पुस्तक लायब्ररीत एकच होतं, इंग्रजी, अन् ते नेहमी कोणाच्या तरी उशाखाली. सरायच्या आवाजाचं पुस्तक मात्र खोलीत होतं. ते पुस्तक म्हणजे मी.

कापूस फुटला तसा त्याच्या बापाचा निरोप आला. वेचणीले माणूस कमी हाये, पंधरा दिवस ये. तो निघताना कंपासपेटी माह्या हातात देऊन म्हणाला, "आता बीम सुरू झाला हाये भाऊ. तू एकही तास बुडवू नोको. माह्यासाठी बस. मी आलो की समदा त्यायच्याच आवाजात सांगजो."

म्या छातीवर हात ठेवून, सरायच्या आवाजात म्हटलं, "निश्चिंत जा, ओव्हरसीअर साहेब."

तो हसत हसत बसमंधी चढला.

पॉइंट लोडच्या, म्हणजे एकाच जागी ठेवलेल्या वजनाच्या, तासाले मी बसलो. लोडापाशी शिअरची रेघ पायरीसारखी सरळ खाली पडते अन् मोमेंटची रेघ तिथं नुसता कोन करते. पसरलेल्या लोडाच्या तासालेही बसलो. एका एका फुटावर सारखं वजन असलं की शिअरची रेघ उतारासारखी तिरपी होते, अन् मोमेंटची रेघ गोल वाकते, पॅराबोला. सरायनं हेही सांगितलं की शिअरच्या आकृतीचं जेवढं क्षेत्रफळ, तेवढाच मोमेंटमंधी फरक. हे समदं माह्या गळ्यात पक्कं बसलं.

मंग आला कपलचा तास. त्या दिवशी गॅदरिंगची तालीम होती. गॅदरिंगमंधी माहा एकट्याचा कार्यक्रम होता, अन् त्यात मी सरायचीच नकल करणार होतो. म्हणजे पाहा, सरायची नकल पक्की करायसाठी मी सरायचा तास बुडवला. तुमाले हसू आलं असन तं हसून घ्या. याच्यानंतर मी हसवणार नाही.

तो परत आला. हाताले बोंडाचे ओरखडे, नखायत काळं. आल्या आल्या कोळसा माह्या हातात दिला. "घ्या सर तास."

पॉइंट लोड घेतला. पसरलेला लोड घेतला. तो भराभरा लिहून राह्यला. मंग म्हणाला, "अन् कपल?"

तिथं 'मी बसलो नव्हतो' एवढं म्हणायले किती वेळ लागते? पण खोलीत सात-आठ पोट्टे होते. माह्या हातात कोळसा होता, नाकात आवाज तयार होता. मी खाकरलो, भिंतीवर दोनदा कोळसा ठोकला, अन् माह्या मनानं चालू लागलो.

"कपल म्हणजे काय, ओव्हरसीअर साहेब? दोन सारखे जोर. एक वर, एक खाली. बेरीज किती? शून्य. म्हणून शिअरच्या आकृतीत कपलच्या जागी काही होत नाही."

इथपर्यंत खरं होतं. आवाज तेवढ्यावर थांबत नाही. आवाजाले पुढचं वाक्य लागते.

"आणि म्हणूनच मोमेंटच्या आकृतीतही त्या जागी काही होत नाही. कपल फक्त टेकूच्या रिअॅक्शन, म्हणजे टेकूचा वर ढकलणारा जोर, काढताना धरायचा, आणि मग विसरायचा. काय?"

"विसरायचा," पोट्टे ओरडले.

त्यानं वहीत लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. इतर पोट्ट्यायनं सरायचा खरा तास ऐकलेला होता, त्यायनं ते हसण्यावारी नेलं. ज्यानं ऐकला नव्हता, त्यानं लिहून घेतलं.

खरं असं हाये, अन् हे आता मी झोपेतही सांगीन. कपलनं शिअरच्या रेघेले काहीच होत नाही. पण मोमेंटची रेघ त्याच जागी उभी उडी मारते. जेवढा कपल, तेवढी उडी. डावीकडून चालत आलं अन् कपल घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असला तं वर, उलटा असला तं खाली. ती उडी क्षेत्रफळात कुठंच दिसत नाही, म्हणून वेगळी मारावी लागते. नाही मारली तं रेघ घरी येत नाही.

परीक्षेच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. ओसरीवर मी पोट्ट्यायले दवाखान्यातल्या डॉक्टरची नकल करून दाखवून राह्यलतो. तो कागद घेऊन आला. बाजूले उभा राह्यला, हसणं संपेपर्यंत. मंग म्हणाला, "भाऊ, हा कपलवाला बीम बंद होऊन नाही राह्यला. शेवटी शून्य येत नाही. तीनदा केला."

म्या कागद पाह्यलाही नाही. डॉक्टरचा स्टेथोस्कोप म्हणून गळ्यात टाकलेली सायकलची ट्यूब काढली, सर झालो, अन् म्हटलं, "बंद होत नाही? मग रिअॅक्शन चुकल्या! रिअॅक्शन तपासा, ओव्हरसीअर साहेब! पाया कच्चा, इमारत पक्की कशी?"

सगळे हसले. तोही हसला. कागद घडी करून खिशात ठेवला अन् आत गेला. आतून पेन्सिल घासल्याचा आवाज येत राह्यला.

परीक्षेत तसाच कपलवाला बीम आला. त्या काळी आमचं माप फूट अन् टन. वीस फुटाचा बीम, दोन्ही टोकाले टेकू. डाव्या टोकापासून पाच फुटावर सहा टनाचा पॉइंट लोड. बरोबर मधात, दहा फुटावर, घड्याळाच्या दिशेनं वीस फूट-टनाचा कपल. अन् मधापासून उजव्या टोकापर्यंत दर फुटाले एक टन पसरलेला लोड. दोन्ही आकृत्या काढा. सहापैकी चार प्रश्न सोडवायचे होते, हा सोडला तरी चालत होता.

म्या सोडला. मले कपल येत नाही हे मले माहीत होतं. त्याले तो येते, फक्त रिअॅक्शन नीट तपासायच्या, असं त्याले वाटत होतं, म्हणून त्यानं तोच पहिला घेतला.

बाहेर आलो तं तो लिंबाच्या झाडाखाली उभा होता. चेहरा भिंतीसारखा. प्रश्नपत्रिकेच्या मागं त्यानं समदं बारीक अक्षरात केलेलं होतं. मले दाखवू लागला.

"हे पाहा. डाव्या टोकाभोवती मोमेंट घेतला. सहा पंचे तीस, कपलचे वीस, पसरलेल्याचे दहा टन पंधरा फुटावर म्हणजे दीडशे. झाले दोनशे. भागिले वीस. उजवी रिअॅक्शन दहा, डावी सहा. बरोबर?"

"बरोबर."

"शिअर काढला. सहावरून निघालो, सहाचा लोड आला, शून्य. मधापर्यंत शून्यच. मंग उतरत उतरत वजा दहा. टेकूनं दहा वर ढकलले, शून्य. घरी आला. मोमेंट काढला. पाच फुटावर तीस. मधापर्यंत तीसच. पुढं पन्नास कमी होतात. राह्यले वजा वीस. वजा वीस, भाऊ! टेकूवर वजा वीस कसे राहतीन?"

त्यानं कागदावर बोट खाली सरकवलं.

"मंग तू म्हटलतं तसं रिअॅक्शन तपासल्या. उजव्या टोकाकडूनही काढल्या. पुन्हा सहा अन् दहाच आल्या. मंग वाटलं कपलची दिशा उलटी घेतली असन. उलटी करून पाह्यली. दोन्हीकडं आठ आठ. तं शेवटी अधिक वीस उरले. मंग कपल काढूनच टाकला. सात अन् नऊ. अन् बंद झाला, भाऊ. बरोब्बर शून्य."

"मंग तेच लिहायचं ना!"

त्यानं माह्याकडं असं पाह्यलं की म्या काहीतरी घाण बोललो. "कपल दिलेला हाये ना. दिलेला कपल काढून टाकायचा कसा? त्याच्यावर काट मारली अन् पुन्हा सुरुवात केली. तेवढ्यात घंटी झाली. बाकीच्यातला एकच प्रश्न झाला."

बाजूले दोन हुशार पोट्टे पेपर पडताळून पाहत होते. एक म्हणाला, "मधात तीसवरून सरळ पन्नासवर उडी, अन् मंग पन्नासचा पॅराबोला शून्यावर. एकदम सोपा होता."

त्यानं ऐकलं नाही. तो खाली बसून कंपासपेटी पुसून राह्यलता. म्या ऐकलं. तीस अन् वीस पन्नास, पन्नासातून पन्नास गेले, शून्य. इतकं सरळ. त्याच्या समद्या रिअॅक्शन पहिल्या खेपेलेच बरोबर होत्या. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते माह्या नाकातून निघालेलं एक वाक्य.

त्याच वेळी सांगायचं होतं. पण म्या मनाशी म्हटलं, निकाल तं लागू दे. काय सांगावं, पास होईनही.

जूनमंधी निकाल लागला. तो त्याच एका विषयात गेला. मी काठावर पास.

सरायनं त्याले ऑफिसच्या दारात थांबवलं. मी बाजूलेच होतो. सर म्हणाले, "अहो, एकच विषय आहे. ऑक्टोबरात पुरवणी परीक्षा आहे, फॉर्म भरा. वडिलांना मी पत्र लिहितो. चार महिन्यांचा प्रश्न आहे, ओव्हरसीअर साहेब."

तो खाली पाहून म्हणाला, "नाही सर. माह्या रिअॅक्शनच चुकतात. कितीही तपासल्या तरी चुकतात. पायाच कच्चा हाये माहा."

पायाच कच्चा हाये. हे माहं वाक्य होतं. ट्यूब गळ्यातून काढून म्हटलेलं.

सर म्हणाले, "असं कसं? तुमचा हिशेब तर स्वच्छ असतो." अन् मंग माह्याकडं वळले. "तुम्ही एका खोलीत राहता ना? तुम्ही सांगा याला. याचं कुठं अडतं?"

तीन जण होतो. दार उघडं होतं. बाहेर ऊन होतं. मी तोंड उघडलं, अन् तुमाले खरं सांगतो, तोंडात कोणाचाच आवाज आला नाही. ज्या गळ्यातून मारेगाव, वणी अन् यवतमाळची समदी माणसं निघत, त्याच्यातून माहं स्वतःचं एक वाक्य निघेना. सांगितलं असतं तं सरायले समजलं असतं की त्यायची नकल करून मी खोटे तास घेतो. काढून टाकतीन, ही भीती. अन् खालून दुसरी भीती, की तो माह्याकडं पाहीन.

म्या म्हटलं, "मेहनत तं करते सर तो."

एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याची पेटी म्या बसस्टँडवर नेली. त्यानं मले नोको म्हटलं नाही. बस लागायले वेळ होता. तो म्हणाला, "भाऊ, एकदा सरायचा आवाज काढ. जाता जाता ऐकून घेतो."

म्या म्हटलं, "घसा बसला हाये."

"असू दे मंग," तो म्हणाला. कंपासपेटी माह्या हातात ठेवली. "तुले लागन. दुसऱ्या वर्षाले ड्रॉइंग जास्त असते." बस दिग्रसच्या रस्त्याले लागली. मी कंपासपेटी घेऊन उभा. झाकण उघडलं तं आत कंपासच्या टोकाले तेल लावून कापूस गुंडाळून ठेवलेला. त्याच्याच वावरातला कापूस.

दुसरं वर्ष सुरू झालं. मी संध्याकाळचा तास बंद केला. पोट्टे म्हणत, काहून रे, सर मेले का? गॅदरिंगले नाव दिलं नाही. ऑक्टोबरची पुरवणी आली अन् गेली. फॉर्मची शेवटची तारीख नोटीस बोर्डावर लागली होती, ती म्या रोज जाता येता वाचली. ज्या दिवशी ती उतरवली, त्या दिवशी वाटलं की आता सांगून उपयोग नाही, म्हणजे आता सांगता येईन. असा मी.

दिवाळीच्या सुटीत मारेगावले न जाता पुसदले गेलो. तिथून तांड्यापर्यंत पायी. तो गोठ्याच्या बाजूले बैलायले पाणी पाजून राह्यलता. मले पाहून इतका खुश झाला की बादली उलटली. त्याची आई बाहेर आली. तो तिले याडी म्हणे, मीही याडी म्हटलं. लहान भाऊ सुटीत आला होता, शाळेची खाकी पँट घालून. पाचवीचं पुस्तक मले मोठ्यानं वाचून दाखवू लागला.

अन् मंग मले भिंत दिसली.

घराची बाहेरची भिंत, शेणानं सारवलेली. तिच्यावर कोळशानं बीम काढलेले. एक नाही, पंधरा-वीस. दोन टेकू, पाच फुटावर बाण, मधात कपलचा वाकडा बाण, उजवीकडं पसरलेला लोड. खाली शिअर. खाली मोमेंट. तीस, तीस, अन् मंग खाली खाली वजा वीस. सगळ्यायचा शेवट वजा वीस. काही जुने, सारवणाखालून पुसट दिसणारे. त्याच्यावर नवे.

"दुपारी बैल बसले की करतो," तो लाजून म्हणाला. "कुठं चुकते ते समजलं पाह्यजे ना. परीक्षा राहू दे, पण समजलं पाह्यजे."

म्या सांगितलं. माह्या आवाजात. किती पातळ हाये माहा आवाज, ते मले त्याच दिवशी समजलं. तास बुडवल्याचं सांगितलं, मनानं जोडल्याचं सांगितलं, लिंबाखाली ऐकल्याचं सांगितलं, ऑफिसच्या दारातलं सांगितलं. तो ऐकत होता. मंग त्यानं खाली पडलेला कोळसा उचलून माह्या हातात दिला.

"बरोबर कसं असते ते काढ."

म्या नवा बीम काढला नाही. त्याच्याच एका मोमेंटच्या आकृतीवर, मधात, तीसपासून सरळ उभी रेघ मारली. पन्नास. तिथून गोल वाकवत उजव्या टेकूवर आणली. शून्य.

तो पुढं झाला. त्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं. वरून खाली फिरवलं, खालून वर फिरवलं. मोजून राह्यलता की काय कोण जाणे. मंग म्हणाला, "म्हणजे माह्या रिअॅक्शन बरोबर होत्या."

"हो."

"पहिल्या खेपेलेच."

"हो."

त्यानं मान हलवली. मले शिवी दिली नाही, धक्का दिला नाही. लहान भावाकडं पाह्यलं, तो अजून पुस्तक धरून उभा होता. "वाच रे तू, थांबला काहून?" असं त्याले म्हणाला, बादली उचलली अन् नाल्याकडं गेला. मी मागं निघालो तं हातानंच नोको म्हटलं, मागं न पाहता. बैल त्याच्या मागून गेले.

मी भिंतीपाशी उभा राह्यलो. याडी उंबरठ्यात होती. तिनं समदं ऐकलं होतं. बीम तिले समजला नसन, बाकी समजलं होतं. ती पायरी उतरून माह्यासमोर आली.

"तूच का तो, आवाज काढणारा?" ती म्हणाली. "सांगत होता तो मले. समद्यायचे आवाज काढते म्हणे. याडी, तू हसून हसून मरशीन म्हणे. हसव ना मंग आता. काढ कोणाचा काढतं तो!"

मी खाली पाह्यलं.

"खाली काय पाहतं? भिंत पाह्य! पावसाळ्यापासून दर आठ दिवसानं मी ही भिंत सारवतो, अन् दर आठ दिवसानं तो काळी करते. मले वाटलं पोरावर कोणी काही केलं. भगताले दाखवलं. देवाले बोकड बोललो. अन् तुले माहीत होतं! तू तिकडं बसून भाकर खात होता, अन् तुले माहीत होतं! एका कागदावर लिहून टाकलं असतं तं पोचलं नसतं का? पावसाळ्यात सांगितलं असतं तं त्याच्या बापाले मी समजावलं असतं, लहान्याले एक साल थांबवलं असतं. आता त्या लेकराले शाळेतून काढू का मी? सांग! कोणाले काढू?"

लहान्यानं पुस्तक बंद केलं.

"इतके आवाज हायेत तुह्या नरड्यात. मले येत नाही, एवढं म्हणायले एकही नव्हता का रे? जेवायले बसू नोको अजून. ते शेणाचं टोपलं हाये तिथं, पाणी हाये. सारव ती भिंत. समदी. अन् ती तू मारलेली रेघ हाये ना, उभी, तेवढी राहू दे. ती त्याची हाये."